PH3 आणि H2O: कोन कुणाचा मोठा? एका सराव प्रश्नाचं प्रकरण

प्रश्न दिसायला अगदी साधा. NH3, PH3, H2O, H2S हे चार रेणू बॉन्ड अँगलच्या उतरत्या क्रमाने लावा आणि कारण लिहा. रत्नागिरीत मी अकरावी-बारावीच्या पोरांना केमिस्ट्री शिकवतो, तिथल्या एका सराव पेपरात हा टाकला होता. प्रश्न दोन-तीन मार्कांचा, पण त्यावर पुढचे दोन्ही तास गेले, कारण जवळजवळ सगळ्यांनी लिहिलेलं कारण बरोबर होतं आणि क्रम चुकलेला होता. असं फार कमी वेळा होतं. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय.

आधी खरं उत्तर सांगतो. NH3 चा कोन १०७.८ अंश, H2O चा १०४.५, PH3 चा ९३.६ आणि H2S चा ९२.१. म्हणजे क्रम NH3 > H2O > PH3 > H2S. पोरांनी काय लिहिलं? बहुतेकांनी NH3 > PH3 > H2O > H2S. त्यांचं म्हणणं असं, की अमोनिया आणि फॉस्फिनमध्ये लोन पेअर एकच, पाणी आणि हायड्रोजन सल्फाइडमध्ये दोन दोन, जास्त लोन पेअर म्हणजे जास्त रेटारेटी म्हणजे कोन लहान, म्हणून एकवाले पुढे आणि दोनवाले मागे, मग प्रत्येक जोडीत वरचा आधी कारण त्याची इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी जास्त. वाचताना कुठेही खटकत नाही. आणि तरी मधले दोघं उलटे पडले, नि तेही थोडेथोडके नाही, अकरा अंशांनी.

थोडी पोरं दुसऱ्या टोकाला गेली होती. त्यांनी फक्त इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी धरली, विद्युतऋणता म्हणा हवं तर, आणि H2O > NH3 > H2S > PH3 असं लिहिलं. हर्णैहून येणारी एक मुलगी या गटातली, ती पेपर हातात घेऊनच उभी राहिली, "सर, तुम्हीच म्हणालात ना सेंट्रल अॅटमची ईएन वाढली की कोन वाढतो, मग ऑक्सिजनची नायट्रोजनपेक्षा जास्त आहे, पाण्याचा कोन मोठा यायला नको का?" प्रश्न रास्त होता. नियम दोन आहेत, दोन्ही खरे आहेत, आणि या चार रेणूंत ते एकमेकांच्या आडवे येतात. कुठे कोण जिंकतो आणि किती फरकाने, हे कळल्याशिवाय हा क्रम लागतच नाही.

तर एकेक पायरी घेऊया. पहिली पायरी आडवी, नायट्रोजनकडून ऑक्सिजनकडे, एकाच आवर्तनात.

दोघांच्याही भोवती इलेक्ट्रॉनच्या चार जोड्या आहेत. चारही जोड्या सारख्या असत्या, मिथेनसारख्या, तर कोन १०९.५ अंश आला असता. अमोनियात चारातली एक जोडी लोन पेअर, पाण्यात दोन. आता लोन पेअर जास्त का ढकलते? तर बॉन्ड पेअरला दोन्ही बाजूंनी दोन अणुकेंद्रं धरून ठेवतात, ती मधे ताणली जाते आणि बारीक होते. लोन पेअरला एकच केंद्र, त्यामुळे ती त्या एकाच अणूजवळ ऐसपैस पसरते, जागा जास्त खाते आणि शेजारच्या बॉन्ड पेअरना एकमेकींकडे लोटते. गिलेस्पी आणि नायहोम यांनी १९५७ मध्ये ही मांडणी नीट केली, तीच आपली व्हीएसईपीआर थिअरी. रेटारेटीचा क्रम पाठच असतो सगळ्यांना, लोन-लोन सगळ्यात जास्त, मग लोन-बॉन्ड, मग बॉन्ड-बॉन्ड. अमोनियात एक लोन पेअर तीन बंधांना दाबते म्हणून १०९.५ चा १०७.८ होतो, पाण्यात दोघी मिळून दोन बंधांना दाबतात म्हणून १०४.५.

आता हर्णैच्या मुलीचा मुद्दा. ऑक्सिजनची इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी पॉलिंगच्या मापात ३.४४, नायट्रोजनची ३.०४. ऑक्सिजन बंधातली जोडी स्वतःकडे जास्त खेचतो, त्यामुळे दोन O–H बंधांच्या जोड्या केंद्राशी जास्त जवळ येतात, एकमेकींना जास्त ढकलतात आणि कोन उघडायचा प्रयत्न करतात. म्हणजे तिचं म्हणणं चुकीचं नाही, तो परिणाम आहेच. पण त्याच वेळी एक बॉन्ड पेअर जाऊन तिच्या जागी लोन पेअर आली आहे, आणि त्या बदलाचं पारडं जड ठरतं. शिवाय ऑक्सिजन लोन पेअरनाही स्वतःजवळ घट्ट धरतो, त्यामुळे त्यांचीही दादागिरी कमी होत नाही. निव्वळ हिशोब काय, तर कोन ३.३ अंशांनी घटतो. मी तिला म्हटलं, अगं, सेंट्रल अॅटमच्या ईएनचा नियम लावायचा तर लोन पेअरची संख्या सारखी हवी, ती बदलली की तो नियम एकट्याने वापरता येत नाही. "मग तसं लिहून द्यायचं ना आधी," असं ती पुटपुटली, आणि खरंय, नोट्समध्ये ही अट बहुतेकदा गाळलेलीच असते.

दुसरी पायरी उभी. नायट्रोजनकडून खाली फॉस्फरसकडे, पंधराव्या गटात. इथे लोन पेअर दोन्हीकडे एकच, बंध दोन्हीकडे तीनच. तरी कोन १०७.८ वरून थेट ९३.६. म्हणजे १४.२ अंशांची घसरण. आडव्या पायरीत सगळं मिळून ३.३ बदललं होतं, इथे त्याच्या चौपटीहून जास्त. आणि फक्त लोन पेअर मोजणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही, त्याच्या हिशोबात दोन्ही रेणू सारखेच.

कारण असं. हायड्रोजनची इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी २.२०. नायट्रोजनची ३.०४, म्हणून N–H बंधातली जोडी नायट्रोजनकडे सरकलेली. फॉस्फरसची २.१९, म्हणजे हायड्रोजनइतकीच, त्यामुळे P–H मधली जोडी कुणाकडेच झुकलेली नाही. त्यात बंधही लांब, N–H सुमारे १०२ पिकोमीटर आणि P–H १४२. दोन्ही गोष्टींचा परिणाम एकच, फॉस्फिनमध्ये बंधाच्या जोड्या केंद्रापासून बऱ्याच दूर आहेत. माडाच्या झावळ्या बघा, शेंड्याशी जिथून फुटतात तिथे एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि टोकाकडे मधे भरपूर मोकळीक असते. अमोनियाच्या बॉन्ड पेअर शेंड्याशी दाटलेल्या, फॉस्फिनच्या टोकाकडे मोकळ्या. मोकळ्या जोड्या एकमेकींना फारशा ढकलत नाहीत, मग लोन पेअरला त्यांना दाबून जवळ आणायला अडवणारं कुणी उरत नाही, आणि कोन मिटतो.

यावर एका पोराने शंका काढली, की कोन इतका मिटला तर तीन हायड्रोजन एकमेकांवर आपटणार नाहीत का. म्हटलं गणित कर, फळ्यावर ये. दोन हायड्रोजनमधलं अंतर म्हणजे बंधाच्या लांबीची दुप्पट गुणिले अर्ध्या कोनाचा साइन. अमोनियात २ × १०१.७ × sin ५३.९°, उत्तर १६४ पिकोमीटरच्या आसपास. फॉस्फिनमध्ये २ × १४१.९ × sin ४६.८°, उत्तर साधारण २०७. म्हणजे कोन चौदा अंशांनी लहान असूनही फॉस्फिनमधले हायड्रोजन एकमेकांपासून जास्त लांब आहेत! आणि अमोनियाला जबरदस्तीने ९३.६ अंशांवर आणलं असतं तर त्याच्यातलं अंतर १४८ वर आलं असतं, तिथे खरंच गर्दी झाली असती. हे आकडे त्याने स्वतः काढले आणि मग वर्गात कुणी काही बोललं नाही, कारण मोठा अणू म्हणजे जास्त जागा म्हणजे कोन मोठा असं बऱ्याच जणांच्या डोक्यात बसलेलं होतं. मोठा अणू जागा देतो हे खरं, पण त्या जागेमुळेच कोन मिटणं परवडतं.

पाण्यावरून H2S कडे गेलात तर तीच गोष्ट. दोन्हीकडे दोन लोन पेअर, ऑक्सिजन ३.४४, सल्फर २.५८, कोन १०४.५ वरून ९२.१, म्हणजे १२.४ अंशांची घसरण.

आता चारही आकडे समोर ठेवा. आडवं गेलात तर वरच्या ओळीत ३.३ अंश आणि खालच्या ओळीत, PH3 कडून H2S कडे, जेमतेम दीड अंश. उभं खाली गेलात तर १४.२ आणि १२.४. म्हणजे आवर्तन बदलण्याचा धक्का हा एक लोन पेअर वाढण्याच्या धक्क्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. PH3 आणि H2O ची तुलना तिरकी आहे, एकात लोन पेअर कमी पण अणू खालच्या ओळीतला, दुसऱ्यात लोन पेअर जास्त पण अणू वरच्या ओळीतला. लोन पेअरचा कौल PH3 च्या बाजूने तीनेक अंशांचा, आवर्तनाचा कौल H2O च्या बाजूने बारा-चौदा अंशांचा. निकाल काय लागणार हे सांगायला लागत नाही. पोरांचा क्रम नेमका इथे मोडला, कारण त्यांनी लोन पेअरला पहिली चाळण केलं आणि आवर्तनाला दुसरी. चाळण्यांचा क्रम उलटा हवा. आधी बघायचं सेंट्रल अॅटम दुसऱ्या आवर्तनातला आहे की खालचा, दुसऱ्यातले सगळे वर, मग त्या त्या ओळीत लोन पेअर मोजायच्या.

इथपर्यंत वर्ग खूष होता आणि बेल व्हायची होती, पण मला एक गोष्ट तशीच सोडायची नव्हती. वर जी इलेक्ट्रोनेगेटिव्हिटीची गोष्ट सांगितली ती नायट्रोजन ते फॉस्फरस या उडीला चपखल बसते, त्याच्या पुढे मात्र लंगडते. आर्सेनिकची इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी २.१८. फॉस्फरसची २.१९. फरक नाहीच म्हणा ना. मग AsH3 चा कोनही ९३.६ च राहायला हवा, पण तो ९१.८ आहे. त्याखाली SbH3 ९१.३. सोळाव्या गटातही सल्फर २.५८ आणि सेलेनियम २.५५, जवळपास सारखे, तरी H2Se ९१ आणि मग H2Te ९०. कोन घटतच जातो पण हळूहळू, आणि ९० पाशी येऊन थबकतो. फक्त इलेक्ट्रोनेगेटिव्हिटीने हे थबकणं समजत नाही. ते ८५ किंवा ८० ला का जात नाही?

नव्वद हा आकडा योगायोगाने येत नाही. तीन p ऑर्बिटल एकमेकांशी काटकोनात असतात. बंध जर शुद्ध p ऑर्बिटलने केले आणि s ला हात लावला नाही तर कोन बरोबर ९०. s जितका मिसळाल तितका कोन उघडतो, पाव भाग s म्हणजे sp3 आणि कोन १०९.५. या मधल्या कोनांसाठी एक साधं सूत्र आहे, cosθ = s/(s−1), यात s म्हणजे बंधाच्या ऑर्बिटलमधला s चा हिस्सा. उलटं करून लावलं की कोनावरून हिस्सा निघतो. अमोनियाचा cos १०७.८° उणे ०.३०६, त्यावरून s सुमारे २३ टक्के. पाण्याचा २० टक्के. फॉस्फिनचा ६ टक्क्यांच्या आत. H2S चा साडेतीन. बघा किती सरळ फूट पडली, वरचे दोघं वीसच्या घरात, खालचे दोघं जवळपास शून्याला टेकलेले. आपल्या चार रेणूंचा क्रम या आकड्यांतही तोच लागतो.

आणि बंधांनी s वापरला नाही तर तो गेला कुठे? लोन पेअरमध्ये. अमोनियाचे तीन बंध मिळून सत्तरेक टक्के s खातात, लोन पेअरला तीस उरतात. फॉस्फिनचे तीन बंध मिळून अठराच खातात, लोन पेअरला ब्याऐंशी टक्के. म्हणजे फॉस्फिनची लोन पेअर जवळजवळ 3s मध्येच बसलेली आहे, सगळीकडे सारखी पसरलेली, एका दिशेला टोक नसलेली. त्यामुळे 'फॉस्फिनमधली लोन पेअर जास्त जोरात ढकलते म्हणून कोन लहान' असं जे काही गाइडांत छापतात ते मला पटत नाही. ढकलण्याचा जोर वाढला असं म्हणण्यापेक्षा बंधांना एकमेकांपासून लांब राहायची गरज उरली नाही, म्हणून त्यांनी s मिसळायचा खटाटोप केला नाही, असं म्हणणं वस्तुस्थितीच्या जास्त जवळ जातं.

मिसळणं वरच्या ओळीत सोपं आणि खाली अवघड का, याचंही कारण आहे. 2p च्या आत दुसरं कुठलंही p ऑर्बिटल नाही, 1p असं काही नसतंच, त्यामुळे 2p केंद्राच्या बरंच जवळ जातं आणि त्याचा आकार 2s च्या आसपासच राहतो. दोघं सारख्या मापाचे म्हणून छान मिसळतात. 3p च्या आत मात्र 2p भरलेलं असतं, ते त्याला बाहेर ठेवतं, आणि 3p हा 3s पेक्षा चांगलाच मोठा होतो. मापं जुळत नाहीत, मिसळून केलेल्या बंधाचा फायदा घटतो. काही जण म्हणतात खाली जाताना s आणि p मधला ऊर्जेचा फरक वाढतो म्हणून असं होतं. तसं नाहीये, नायट्रोजनमध्ये तो फरक फॉस्फरसपेक्षा जास्तच असतो. मुद्दा आकाराचा आहे.

कोचिंगवाली पोरं याला ड्रॅगोचा नियम म्हणतात आणि घोकून ठेवतात, सेंट्रल अॅटम तिसऱ्या आवर्तनातला किंवा खालचा, त्याच्यावर लोन पेअर, आणि भोवतालच्या अणूची इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी २.५ च्या आसपास किंवा कमी, तर हायब्रिडायझेशन धरायचं नाही, कोन नव्वदच्या जवळ. नियम कामाचा आहे, सीईटीला तर फारच. पण तो लागू असताना 'PH3 sp3 आहे' हेही त्याच उत्तरपत्रिकेत लिहिणारी मंडळी दर वर्षी भेटतात, म्हणून सांगितलं. एक तर हे नाहीतर ते.

आता हे सगळं कागदावरचं झालं. लोन पेअर खरंच s मध्ये दडून बसली आहे हे बाहेरून कसं ओळखायचं? बेसिसिटी बघायची. आमच्याकडे बंदराजवळ बर्फाचे कारखाने आहेत, मासळीसाठी लागणारा बर्फ तिथे होतो आणि थंड करायला अमोनियाच वापरतात. कधी थोडी गळती झाली की ओला लाल लिटमस लगेच निळा होतो, म्हणजे अमोनियाची लोन पेअर पाण्याकडून प्रोटॉन सहज उचलते. तिचं टोक एका बाजूला बाहेर आलेलं आहे, प्रोटॉनला धरायला मोकळं. अमोनियम आयनचा pKa ९.२५. फॉस्फिन हा धान्याच्या गोदामात कीड मारायला वापरतात तो विषारी वायू, अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांना ओल लागली की सुटतो (हा वर्गात काय घरीही करून बघायचा प्रकार नाही, जीव जातो). तो पाण्यात जवळपास न्यूट्रल. त्याला प्रोटॉन द्यायला HI सारखं जोरकस अॅसिड लागतं, मग PH4I बनतं, आणि तेही पाण्यात टाकलं की परत फुटून फॉस्फिन सुटतो. कोनातला फरक आणि बेसिसिटीतला फरक या एकाच गोष्टीच्या दोन खुणा आहेत.

यातून बोर्डाला येणारा एक जुना प्रश्नही सुटतो, PH4+ चा कोन PH3 पेक्षा मोठा का. प्रोटॉन बसला की लोन पेअर संपली, चारही जोड्या आता बंधाच्या आणि सारख्या, कोन १०९.५. फॉस्फरस तोच, तिसऱ्या आवर्तनातलाच, मग ड्रॅगोच्या नियमाचं काय झालं असं विचारणारा एकजण निघालाच. नियमात लोन पेअर असणं ही अट आहे, ती गेली की नियमही गेला. लोन पेअर होती तोवर s तिच्याकडे ठेवणं फायद्याचं होतं, आता s ठेवायला दुसरी जागाच नाही, तो चार बंधांत वाटावा लागतो.

मर्यादांबद्दल दोन गोष्टी राहिल्या. पहिली, वर जे काही म्हटलं ते हायड्राइडपुरतं आहे, हायड्रोजनच्या जागी दुसरं काही आलं की जपून. NF3 घ्या, त्याचा कोन १०२ च्या थोडा वर. अमोनियापेक्षा लहान. फ्लोरिन बंधाची जोडी नायट्रोजनपासून लांब खेचतो, जोड्या केंद्रापासून दूर, रेटारेटी कमी, कोन लहान. आपल्या गोष्टीत अगदी बसतं. या यशाने हुरळून PF3 ला तेच लावलंत तर तो PH3 पेक्षा लहान यायला हवा, म्हणजे ९३.६ च्याही खाली. प्रत्यक्षात तो ९७.८ आहे, मोठा! तिथे फ्लोरिनवरच्या लोन पेअर फॉस्फरसकडे परत झुकतात, P–F बंधाला थोडा दुहेरीपणा येतो आणि बंधांमधली रेटारेटी वाढते असं पुस्तकं सांगतात. हायड्रोजनकडे लोन पेअरच नाही, त्यामुळे हायड्राइडमध्ये ही भानगड उद्भवत नाही, आणि म्हणूनच दोन परिणामांची कुस्ती बघायला हायड्राइड इतके स्वच्छ पडतात.

दुसरी गोष्ट आकड्यांची. अमोनियाचा कोन कुठे १०७ छापलेला, कुठे १०७.८, कुठे १०६.७. पाण्याचा कुठे १०४, कुठे १०४.५. पोरं यावरून वाद घालतात. हे कोन वायूतल्या सुट्या रेणूंवर मोजलेले असतात, पद्धत आणि व्याख्या थोडी बदलली की दशांश बदलतो, शिवाय रेणू थरथरत असतो, तो काही गोठवलेला सांगाडा नाही. अर्ध्या-एका अंशावरून भांडू नका. पण यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. NH3 आणि PH3 मधला फरक चौदा अंशांचा, तो कुठल्याही पुस्तकातून आकडा घेतलात तरी टिकतो. H2S ९२.१ आणि AsH3 ९१.८ मधला फरक तीन दशांशांचा, तो टिकेलच असं नाही. त्यामुळे अशा जोडीवर 'कारण द्या' असा प्रश्न आला तर माझ्या मते प्रश्न काढणाऱ्याचं चुकलं, तिथे कारण देण्यासारखं काही नाही, दोन्ही नव्वदच्या जरा वर, दोन्हींत बंध जवळपास शुद्ध p, एवढंच म्हणता येतं.

उत्तर लिहायचं कसं, हे शेवटी पोरांनी विचारलंच. मी त्यांना सांगितलं ते असं. उत्तराच्या पहिल्या ओळीत लिहायचं, N आणि O दुसऱ्या आवर्तनातले, लहान आणि जास्त इलेक्ट्रोनेगेटिव्ह, त्यामुळे बॉन्ड पेअर केंद्राजवळ, बॉन्ड-बॉन्ड रेटारेटी जास्त, कोन १०० च्या वर. P आणि S मध्ये बॉन्ड पेअर दूर, बंध जवळपास p चे, कोन नव्वदच्या जवळ. मग प्रत्येक जोडीत एक विरुद्ध दोन लोन पेअर, म्हणून NH3 > H2O आणि PH3 > H2S. एवढं पुरतं. 'ईएन जास्त म्हणून कोन जास्त' हे एकटं वाक्य लिहिलंत तर तपासणारा विचारेल मग पाणी अमोनियाच्या खाली का, आणि 'लोन पेअर जास्त म्हणून कोन कमी' एकटं लिहिलंत तर विचारेल मग फॉस्फिन पाण्याच्या खाली का.

पुढच्या आठवड्यात प्रश्न फिरवून दिला. H2O, AsH3, H2Te, NH3 आणि PH4+ हे पाच लावा. वर्गातल्या बहुतेकांनी PH4+ > NH3 > H2O > AsH3 > H2Te असं बरोबर लावलं. हर्णैच्या मुलीने खाली आणखी एक ओळ लिहिली होती, की शेवटच्या दोघांत जेमतेम दोन अंशांचा फरक आहे, तिथला क्रम मी लोन पेअर मोजून लावलाय, पण त्यावर फार भर देऊ नये. तिला पूर्ण मार्क दिले.